नव्या घराचा पहिला फोटो आणि त्याखालच्या चार ओळी

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा हे साडेतीन मुहूर्त जवळ आले की नव्या घरात पाऊल टाकणाऱ्यांची लगबग सुरू होते. या दिवशी वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. म्हणून ताबा मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्याच सकाळी कलश नेला जातो, गॅसवर दूध उतू जाऊ देतात, दाराला झेंडूचं तोरण लागतं. संध्याकाळपर्यंत त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर गेलेला असतो. फोटो काढायला क्षण पुरतो. त्याखाली काय लिहायचं यावर मात्र नवरा-बायकोची बराच वेळ चर्चा चालते. आनंद सांगायचा असतो, ज्यांच्यामुळे हे घर झालं त्यांची आठवणही ठेवायची असते, पण ‘बघा आमचं’ असा सूर लागायला नको असतो.

ही अडचण तशी नवी आहे. आधीच्या पिढीला घर झाल्याचं कळवायचं असे तेव्हा वास्तुशांतीची पत्रिका छापली जाई आणि तिची भाषा ठरलेली होती. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, मग कुलदैवताचं आणि थोरामोठ्यांच्या आशीर्वादाचं स्मरण, मग तिथी, वेळ आणि पत्ता, आणि शेवटी ‘अगत्य येण्याचे करावे’. घर केवढं आहे, कितीला घेतलं, खिडकीतून काय दिसतं, यातलं काहीही पत्रिकेत नसे. श्रेय सर्वांत आधी दुसऱ्याला दिलेलं असे आणि वाचणाऱ्याला जेवायचं आमंत्रण असे. पत्रिका हातात पडलेला माणूस लांबून बघणारा राहत नसे, तो पाहुणा होई.

घराच्या भिंतीवर कोरलेली नावंही याच वळणाची. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या बंगल्यांवर, पुण्या-नाशिकच्या जुन्या सोसायट्यांत, विदर्भातल्या गावांत ‘मातृछाया’, ‘आईची कृपा’, ‘वडिलांचा आशीर्वाद’, ‘श्रमसाफल्य’, ‘ऋणानुबंध’ अशा पाट्या सर्रास दिसतात. अनेक बौद्ध कुटुंबांच्या घरांवर ‘भीमकृपा’ किंवा ‘रमाई’ असतं. हे घर कुणामुळे उभं राहिलं, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं, एवढाच या पाट्यांचा हेतू. एका अर्थानं मराठी माणसानं घराला दिलेलं पहिलं कॅप्शन ते हेच.

फोटोखालच्या ओळीत यातल्या दोन गोष्टी गळून पडतात. वाचणाऱ्याला आमंत्रण नसतं आणि श्रेय कुणाला द्यायचं याचा साचा नसतो. शिवाय तो फोटो कोण बघतंय हेही पुरतं माहीत नसतं. पत्रिका नावानिशी दिली जायची. स्टेटस मात्र शाळेतल्या मैत्रिणीपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत एकाच वेळी सगळ्यांना दिसतं. त्यात कुणी वाटणीत मागे राहिलेला भाऊ असतो, तर कुणी असा मित्र, ज्याच्या इमारतीचं काम बिल्डरनं अर्धवट सोडलंय आणि जो दरमहा गृहकर्जाचा हप्ताही भरतोय आणि घरभाडंही. त्यांच्यापासून आनंद लपवावा असं मुळीच नाही. पण त्यांना ती ओळ कशी ऐकू येईल याचा अंदाज लिहिणाऱ्याला सहसा येत नाही, आणि याबाबत संशोधनही झालेलं आहे.

आयरीन स्कोपेलिटी, जॉर्ज लोवेनस्टीन आणि योआखिम वॉसगेराउ या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात यावर लेख प्रसिद्ध केला. स्वतःच्या यशाबद्दल सांगणाऱ्यांना वाटत होतं की ऐकणाऱ्यांना आपल्यासाठी आनंद होईल, अभिमान वाटेल. प्रत्यक्षात ऐकणाऱ्यांना त्या मानानं कमी आनंद झाला आणि त्रासही सांगणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. म्हणजे बढाई मारणारा माणूस मनानं वाईट असतो असं नव्हे. तो स्वतःच्या भरात असतो आणि समोरच्यालाही तोच भर आला असेल असं धरून चालतो. घराच्या बाबतीत हे फार सहज घडतं, कारण लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी बारा-पंधरा वर्षांची ओढाताण असते आणि बघणाऱ्याला दिसते फक्त मोठी बाल्कनी.

हे जाणवलं की बहुतेकजण उलट टोक गाठतात. ‘आमचं छोटंसं घरटं’ असं लिहितात आणि वर तीन बेडरूमच्या फ्लॅटचा रुंद फोटो असतो. किंवा तक्रारीचा सूर लावतात: ‘एवढ्या मोठ्या घरात झाडलोट कशी होणार, आम्हाला तर चाळीची सवय!’ हा मार्ग सुरक्षित वाटतो, पण तो सर्वांत तोट्याचा आहे. ओव्हुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नम्रतेच्या किंवा तक्रारीच्या आडून मारलेल्या बढाईची तुलना सरळ बढाईशी केली. आडून मारलेली बढाई लोकांना जास्त नावडली, कारण तीत खोटेपणाचा वास येतो. सरळ सांगणारा निदान मनातलं बोलतो, एवढं श्रेय ऐकणारे त्याला देतात.

यातून निघणारी गोष्ट अनेकांना दिलासा देणारी आहे. ‘आम्ही घर घेतलं, फार आनंद झालाय’ या वाक्यात काहीही चूक नाही. आनंद म्हणजे बढाई नव्हे. संकोचून तो लहान करून दाखवण्याची गरज नाही.

मग बढाई नेमकी कुठं शिरते? एक उदाहरण घेऊन बघता येईल. कल्पना करा, डोंबिवलीतलं एक जोडपं. तो औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, ती शाळेत शिक्षिका. आठ वर्षं भाड्याच्या वन रूम किचनमध्ये काढून त्यांनी बदलापूरला टू बीएचके घेतला. सुरुवातीची रक्कम भरताना पैसे कमी पडले तेव्हा त्याच्या आईनं पाटल्या गहाण ठेवल्या. बँकेची कागदपत्रं तिच्या भावानं तीन खेपा घालून पूर्ण करून दिली. आणि त्या आठ वर्षांत शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीला रोज शाळेतून आणलं, जेवू घातलं, संध्याकाळपर्यंत सांभाळलं. पहिल्या दिवशी त्यांच्या मनात येणारी ओळ साधारण अशी असेल:

‘स्वप्नपूर्ती! वयाच्या ३४ व्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर मुंबईजवळ टू बीएचके! मेहनतीचं फळ मिळतंच. सगळी देवाची कृपा.’

या ओळीत लबाडी कुठंही नाही, पण ती बघणाऱ्याला टोचते आणि त्याची कारणं शब्दाशब्दांत सापडतात. ‘३४ व्या वर्षी’ वाचताच चाळिशीतला भाडेकरू आपलं वय मोजतो. ‘टू बीएचके’ वाचताच दुसरा आपल्या खोल्या मोजतो. आकडे सगळेच वाईट नसतात. पण वाचणारा जो आकडा स्वतःच्या आयुष्याला लावून बघू शकतो, तो तुलनेचा आकडा होतो. वय, क्षेत्रफळ, मजला, किंमत, स्टेशनपासूनचं अंतर हे सगळे त्यात आले. ‘स्वतःच्या हिमतीवर’ ही तर त्याच्या आईच्या पाटल्यांवर आणि मेव्हण्याच्या खेपांवर फिरवलेली रेघ आहे. घरातली माणसं ती वाचून काही बोलणार नाहीत, पण विसरणारही नाहीत. ‘मेहनतीचं फळ मिळतंच’ हे वाक्य वरवर निरुपद्रवी दिसतं, तरी त्यातला ‘च’ जड आहे. ज्याला फळ मिळालं नाही त्यानं मेहनत केली नाही, असा त्याचा अर्थ निघतो. आणि अर्धवट इमारतीचे हप्ते भरणाऱ्या मित्रानं मेहनतीत काही कमी केलेलं नसतं.

उरली ‘देवाची कृपा’. श्रद्धा असेल तर ती जरूर लिहावी. पण एवढ्या वाक्यांनंतर शेवटी आलेली कृपा सहीसारखी वाटते, तिचं काम संपलेलं असतं. पत्रिकेत ती पहिल्या ओळीत होती हे इथं आठवावं. क्रम बदलला की वजन बदलतं. इन्स्टाग्रामवर तर हे शब्दशः खरं आहे: तिथं कॅप्शनला २,२०० अक्षरांपर्यंत जागा असली, तरी स्क्रोल करणाऱ्याला आधी फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात, बाकीचं more दाबल्यावर. आभार शेवटी ठेवले तर बऱ्याच जणांपर्यंत फक्त घर पोचतं, आभार पोचत नाहीत.

या जोडप्याचा दुसरा प्रयत्न बहुधा सगळ्यांची नावं घेण्याचा असेल. ‘आई-बाबा, सासू-सासरे, दादा, वहिनी, ताई, भाऊजी, सर्व मित्रपरिवार, ऑफिसचे सहकारी, बँक आणि बिल्डर यांचे मनःपूर्वक आभार.’ यात बढाई उरली नाही, पण कृतज्ञताही पोचत नाही. सभेतल्या आभारप्रदर्शनात सगळ्यांचे आभार मानले की कुणालाच आपलं काही वाटत नाही, तसं होतं. शिवाय यादी केली की कुणाचं तरी नाव राहतंच, आणि तो रुसवा पुढच्या लग्नापर्यंत टिकतो.

इथं आणखी एक संशोधन उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या सारा अल्गो यांचा विषयच कृतज्ञता हा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात हे तपासलं. त्यात दोन तऱ्हा दिसल्या. एकीत माणूस स्वतःला काय मिळालं ते सांगतो: ‘त्यामुळे माझं काम झालं, मला बरं वाटलं.’ दुसरीत देणाऱ्यानं काय केलं आणि तो कसा आहे ते सांगतो: ‘तू स्वतःचं काम बाजूला ठेवून आलास.’ समोरच्याच्या मनाला भिडणारी तऱ्हा दुसरी निघाली. पुढं २०२० च्या अभ्यासमालेत अल्गो आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या माणसाकडे पाहिलं, म्हणजे जो नुसता ते आभार वाचतो किंवा ऐकतो. त्यालाही आभार मानणारा जवळचा वाटू लागला आणि त्याला मदत करावीशी वाटली. ज्याचे आभार मानले तो माणूसही त्याला भला वाटला. फोटोखालची ओळ वाचणारे सगळे असे तिसरेच तर असतात.

म्हणून तिसऱ्या प्रयत्नात एकच माणूस निवडावा आणि त्यानं केलेली एकच गोष्ट, जशी घडली तशी, सांगावी. डोंबिवलीच्या जोडप्यानं कुणाला निवडावं? पहिला विचार आईच्या पाटल्यांचा येईल, आणि इथं जरा थांबायला हवं. पाटल्या गहाण ठेवल्याचं आईनं धाकट्या मुलाला सांगितलंय का? वडिलांना चारचौघांत त्याचा उल्लेख चालेल का? पैशाची मदत जाहीर केली तर देणाऱ्याचा मान वाढण्याऐवजी त्याची अडचण होऊ शकते: एकाला दिलं मग दुसऱ्याला का नाही, असं नातेवाइकांत बोललं जातं. पैशाचं, दागिन्यांचं, जमिनीचं ऋण घरात, समोर बसून, पाया पडून मान्य करावं. सगळ्यांसमोर सांगावं ते वेळेचं आणि कष्टाचं. काकूंनी मुलीला सांभाळलं हे सांगण्यात कुणाचंच गुपित फुटत नाही. तरीही त्यांना आधी विचारावंच. तेव्हा ओळी अशा होतात:

‘नव्या घरातला पहिला चहा. आम्ही दोघं कामावर असताना आठ वर्षं शेजारच्या काकूंनी आमच्या लेकीला शाळेतून आणलं. पाऊस असो की स्वतःला ताप असो, तिला गरम जेवण मिळालंच. त्यांच्या भरवशावर आम्ही दोघं नोकरी करू शकलो, म्हणून हे दार उघडलं. काकू, रविवारी जेवायला तुम्ही हव्यात.’

घर झाल्याचा आनंद यात पुरेपूर आहे, तो लपवलेला नाही. ‘आठ वर्षं’ हा आकडा आहे, पण तो काकूंच्या कष्टाचा आहे. कुणी तो स्वतःला लावून खट्टू होणार नाही. शेवटी आमंत्रण आहे आणि तेही खरं, रविवारचं. हीच ओळ दुसऱ्या कुणाच्या फोटोखाली चिकटवता येणार नाही, आणि लिहिलेलं खरं उतरलंय की नाही हे ओळखायची ती चांगली कसोटी आहे. ‘स्वप्नपूर्ती, देवाची कृपा’ मात्र कुठल्याही घराखाली चालतं.

दुसरी कसोटी आणखी सोपी आहे. ज्यांचे आभार मानले त्यांना ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवता येईल का? वाचताना जीभ अडखळली तर ती ओळ बाकीच्यांसाठी लिहिलेली आहे, त्यांच्यासाठी नाही.

अर्थात ‘स्वतःच्या कष्टाचं घर’ लिहिणं प्रत्येक वेळी बढाई असते असं समजणं अन्यायाचं होईल. भाड्यानं घर शोधताना जात विचारली गेलेलं कुटुंब, एकटी आहे म्हणून सोसायट्यांनी नाकारलेली बाई, घराण्यात पहिल्यांदाच पक्क्या छपराखाली राहणारा मुलगा यांनी ‘हे माझं, माझ्या नावावर’ असं लिहिलं तर ती साक्ष आहे. त्यांच्याकडून नम्रतेची अपेक्षा करण्याचा अधिकार कुणालाही नाही. तिथं लपवावं असं काही नसतं, उलट ते पूर्ण सांगावं: किती दारं बंद झाली आणि शेवटी हे कसं उघडलं. अशा गोष्टीत वाचणारा तुलना करत नाही, तो सोबत चालतो.

शब्द कितीही नेमके असले तरी फोटो उलट बोलत असेल तर ते वाया जातात. वर दिवाणखान्याचा कोपऱ्यातून घेतलेला भलामोठा फोटो, त्यात नवा टीव्ही, झुंबर आणि मॉड्युलर किचन, आणि खाली काकूंचे आभार, हे जुळत नाही. बघणारा आधी फोटो बघतो. काकूंबद्दल लिहायचं असेल तर काकूच फोटोत हव्यात: उंबऱ्यावर ठेवलेलं माप ओलांडून मुलगी आत येतेय आणि तिचा हात काकूंनी धरलाय. रिकाम्या खोलीत सतरंजीवर बसून चहा पिणारी माणसं चालतील. सामान लागण्याआधीचा फोटो बहुतेक वेळा चांगला येतो, कारण त्यात दाखवण्यासारखं माणसांखेरीज काही नसतं.

हातात किल्ली धरून काढलेला जवळचा फोटो मात्र टाळावाच, आणि याचं कारण नम्रतेशी संबंधित नाही. किल्लीच्या दात्यांची खोली फोटोवरून मोजता येते. अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे करून दाखवलं. छपरावरून, सुमारे २०० फुटांवरून दुर्बिणीच्या भिंगानं घेतलेल्या फोटोवरूनही त्यांना किल्लीची नक्कल करण्याइतकी माहिती मिळाली. हौस असेल तर किल्ली मुठीत धरून फक्त कडी दिसू द्यावी. करारनाम्याचं पहिलं पानही टाकू नये. त्यावर पॅन क्रमांक, पूर्ण पत्ता आणि किंमत सगळं असतं. दारावरचा फ्लॅट क्रमांक आणि इमारतीचं नाव एकाच फोटोत येणार नाही, हेही पाहावं.

फोटो टाकल्यावर खाली प्रतिक्रिया येऊ लागतात आणि बढाई पुष्कळदा तिथून परत येते. कुणीतरी विचारतं, ‘कार्पेट किती?’, ‘काय रेटनं पडलं?’ उत्तर दिलं की कॅप्शनमधून काळजीपूर्वक वगळलेले आकडे खाली दिसायला लागतात. ज्याला खरंच घर घ्यायचं आहे त्याला ही माहिती हवी असते, ती त्याला फोन करून मोकळेपणानं द्यावी. बँकेत काय अडलं, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला किती लागले, हेही सांगावं. जाहीर उत्तर ‘घरी ये, सगळं सांगतो’ एवढं पुरे.

आणि एक क्रम पाळायचा. आई-वडील, सख्खी भावंडं, ज्यांनी पैसे दिले ते, आणि ज्यांचं नाव ओळीत आहे ते, या सगळ्यांना फोन आधी जायला हवा, फोटो नंतर. मोठ्या काकांना पुतण्याच्या घराची बातमी तिसऱ्याच्या फोनवरच्या स्टेटसवरून कळली तर खालची ओळ कितीही कृतज्ञ असली तरी तिचा उपयोग होत नाही.

व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांनी नाहीसं होतं, आणि वयस्कर माणसं ते उघडून बघतातच असं नाही. तेव्हा ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना तो फोटो आणि त्या ओळी वेगळ्या पाठवाव्यात. त्यांच्याकडे साधा फोन असेल तर जवळच्या स्टुडिओतून प्रिंट काढून घ्यावी, ओळी मागच्या बाजूला हातानं लिहाव्यात आणि जेवायचं आमंत्रण द्यायला जाताना ती सोबत न्यावी.